एर्गोस्टेरॉलचे बी-वलय: उष्णतेने आणि प्रकाशाने बंद होताना (प्रकल्प नोंदी)

४ जुलै

विषय ठरला. संयुग्मित ट्राईनचे वलय उष्णतेने बंद होते तेव्हा दोन्ही टोके एकमेकांच्या उलट दिशांनी फिरतात (डिसरोटेटरी) आणि प्रकाशाने बंद होते तेव्हा एकाच दिशेने फिरतात (कॉनरोटेटरी). हे एकाच रेणूवर दाखवायचे, म्हणजे विद्रावक, शुद्धता आणि मोजमापाची पद्धत बदलत नाही. बदलते फक्त ऊर्जा देण्याची रीत.

त्यासाठी प्रीव्हिटॅमिन डी-२ इतका सोयीचा रेणू दुसरा सापडला नाही. एर्गोस्टेरॉलच्या बी-वलयातला ९-१० हा बंध प्रकाशाने तुटतो आणि सहा इलेक्ट्रॉनांचे ट्राईन तयार होते. हे ट्राईन चार प्रकारे परत बंद होऊ शकते. प्रकाशाने एर्गोस्टेरॉल आणि ल्युमिस्टेरॉल मिळतात, उष्णतेने पायरोकॅल्सिफेरॉल आणि आयसोपायरोकॅल्सिफेरॉल. चौघांची सांगाडा-जोडणी एकच आहे. फरक एवढाच की नवव्या कार्बनवरचा हायड्रोजन आणि दहाव्या कार्बनवरचा मिथिल गट वलयाच्या एकाच बाजूला आहेत की विरुद्ध बाजूंना, आणि त्यांतला कोणता कुठल्या बाजूला.

या कुळातले बरेचसे पदार्थ गोटिंगेनमध्ये विंडाउसच्या गटाने वेगळे काढले होते. स्टेरॉलांवरच्या आणि जीवनसत्त्वांशी त्यांच्या संबंधावरच्या कामासाठी १९२८ चे नोबेल विंडाउसला मिळाले. उष्णता आणि प्रकाश विरुद्ध त्रिमितीय रचना का देतात, याचा धागा मात्र १९६१ मध्ये लायडनच्या हाविंगा आणि श्लाटमान यांच्या लेखात दिसतो. तिथे ऑर्बिटलांच्या सममितीची कल्पना ओस्टरहॉफच्या नावाने नोंदलेली आहे. वुडवर्ड आणि हॉफमन यांनी १९६५ मध्ये तिचा सर्वसाधारण नियम केला. म्हणजे आपण ज्या रेणूवर काम करतो आहोत तो नियमाचे नंतर शोधलेले उदाहरण नाही, नियमाकडे नेणाऱ्या वाटेवरचाच रेणू आहे.

८ जुलै

प्रयोगाआधी गोळ्या-काड्यांचे मॉडेल जोडून पाहिले. कागदावरची पाचर-चिन्हे इथे पुरत नाहीत.

प्रीव्हिटॅमिनमध्ये ५-१० हा दुहेरी बंध ए-वलयात अडकलेला आहे आणि ८-९ हा सी-वलयात. म्हणून नवव्या कार्बनवर सी-वलयाचा कार्बन बाहेरच्या बाजूला राहतो आणि हायड्रोजन आत, म्हणजे ट्राईनच्या पोकळीकडे येतो. दहाव्या कार्बनवरही तेच: ए-वलयाचा कार्बन बाहेर, मिथिल गट आत. एका टोकाचा आतला गट हायड्रोजन, दुसऱ्या टोकाचा आतला गट मिथिल. हे दोन आतले गट कुठे जातात एवढ्यावरच डोळा ठेवायचा.

दोन्ही टोके घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली (कॉनरोटेटरी) की एका टोकाचा आतला गट वर जातो आणि दुसऱ्याचा खाली. हायड्रोजन आणि मिथिल विरुद्ध बाजूंना, म्हणजे अँटी. दोन्ही टोके घड्याळाच्या उलट फिरवली तरी अँटीच, पण आरशासारखे उलटे. पहिल्यात ९-अल्फा हायड्रोजन आणि १०-बीटा मिथिल, हे एर्गोस्टेरॉल. दुसऱ्यात ९-बीटा आणि १०-अल्फा, हे ल्युमिस्टेरॉल. बाकीचा सांगाडा असममित असल्यामुळे हे दोन रेणू खरे आरशातले प्रतिबिंब नाहीत, म्हणून ते सिलिकावर वेगळे काढता येतात.

टोके उलट दिशांनी फिरवली (डिसरोटेटरी) की दोन्ही आतले गट एकत्र वर किंवा एकत्र खाली जातात. हे सिन. दोन्ही अल्फा असतील तर पायरोकॅल्सिफेरॉल, दोन्ही बीटा असतील तर आयसोपायरोकॅल्सिफेरॉल.

कारण टोकांच्या ऑर्बिटलांत आहे. सहा इलेक्ट्रॉनांच्या ट्राईनमध्ये मूळ अवस्थेत भरलेले सर्वांत वरचे ऑर्बिटल तिसरे. त्याच्या दोन्ही टोकांना वरच्या बाजूला सारखेच चिन्ह असते. नवा बंध व्हायचा तर सारख्या चिन्हाचे भाग समोरासमोर यायला हवेत, आणि त्यासाठी टोके उलट दिशांनीच फिरावी लागतात. प्रकाश शोषला की एक इलेक्ट्रॉन चौथ्या ऑर्बिटलात जातो, त्याच्या टोकांची चिन्हे विरुद्ध असतात. आता एका टोकाचा वरचा भाग दुसऱ्याच्या खालच्या भागाला भेटला पाहिजे, म्हणून टोके एकाच दिशेने फिरतात. चार इलेक्ट्रॉनांच्या डाईनमध्ये हे सगळे उलटे होते: उष्णतेने कॉनरोटेटरी, प्रकाशाने डिसरोटेटरी. चार इलेक्ट्रॉनांची ही बाब शेवटच्या चाचणीत लागणार आहे.

१५ जुलै

द्रावण. एर्गोस्टेरॉल (रेणुभार ३९६.७) बाटलीतून काढले तेव्हा किंचित पिवळसर होते. पिवळेपणा हवेतल्या ऑक्सिडीकरणाचा. इथेनॉलमधून पुन्हा स्फटिक करून पांढरे मिळाले. तेच वापरायचे, आणि नायट्रोजनखाली, अंधारात, फ्रीजमध्ये ठेवायचे.

२० मिलिग्रॅम १०० मिलिलिटर शुद्ध इथेनॉलमध्ये, म्हणजे साधारण ०.५ मिलिमोलर. थंड इथेनॉलमध्ये सावकाश विरघळते; ४० अंशांपर्यंत कोमट करून ढवळले की पुरते. त्यातले ०.५ मिलिलिटर १० मिलिलिटरपर्यंत पातळ करून १ सेंटिमीटर क्युव्हेटमध्ये वर्णपट घेतला. २७१, २८२ आणि २९३ नॅनोमीटरला ठळक दाते, २८२ ला शोषण ०.३ च्या आसपास. अपेक्षा तीच होती, कारण तिथला मोलर शोषणांक सुमारे १२ हजार आहे. हे तीन दाते वलयातल्या डाईनची खूण आहेत. वलय उघडले की ते बोथट होतात, कारण प्रीव्हिटॅमिनला २६० च्या आसपास एकच पसरट उंचवटा असतो.

मूळ द्रावणाचे २८२ ला शोषण सहाच्या घरात जाते. म्हणजे प्रकाश पहिल्या काही मिलिमीटरांतच संपतो. ढवळणे थांबले तर काचेलगतचा थर जास्त भाजतो आणि आतले द्रावण जसेच्या तसे राहते.

१७ जुलै

पहिला प्रकाश-प्रयोग. २९५ नॅनोमीटरचा एलईडी, द्रावणात पोहोचणारी शक्ती सुमारे २० मिलिवॅट. क्वार्ट्झची नळी, ५० मिलिलिटर द्रावण, बर्फाच्या पाण्यात. आधी वीस मिनिटे नायट्रोजनचे बुडबुडे सोडले, पुढेही हलका प्रवाह चालू ठेवला.

किती वेळ लावायचा हे आधीच काढता येते. २९५ नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा ६.७ × १०⁻¹⁹ ज्यूल. २० मिलिवॅट म्हणजे मिनिटाला साधारण ३ मायक्रोमोल फोटॉन. एर्गोस्टेरॉल उघडण्याचा क्वांटम यील्ड सुमारे ०.२६, म्हणून मिनिटाला जास्तीत जास्त ०.८ मायक्रोमोल उघडेल. नळीत २५ मायक्रोमोल आहे, तेव्हा दहा मिनिटांत बत्तीस टक्क्यांच्या वर जाणे शक्य नाही. त्यानंतर प्रीव्हिटॅमिनही प्रकाश पिऊ लागते आणि हिशेब गुंतागुंतीचा होतो. म्हणून पहिली मालिका दहा मिनिटांवर थांबवली, नमुने दर दोन मिनिटांनी.

दाते अपेक्षेप्रमाणे बोथट होत गेले. सिलिकाचा एचपीएलसी स्तंभ, हेक्झेनमध्ये १ टक्का आयसोप्रोपॅनॉल, डायोड-अ‍ॅरे डिटेक्टर. नवे मुख्य शिखर, त्याचा वर्णपट २६० चा पसरट. प्रीव्हिटॅमिन.

नमुना लगेच चालवायचा, नाहीतर उणे २० अंशांवर ठेवायचा. प्रीव्हिटॅमिन खोलीच्या तापमानाला आपोआप हळूहळू व्हिटॅमिन डी-२ मध्ये बदलते. शरीराच्या तापमानाला निम्मे रूपांतर व्हायला एखादा दिवस पुरतो. हे वलय बंद होणे नाही, हायड्रोजनचे १,७ स्थलांतर आहे. ते उष्णतेच्या प्रयोगात पुन्हा आडवे येणार.

२२ जुलै

तुलनेसाठी तेच द्रावण २५४ नॅनोमीटरच्या कमी दाबाच्या पारा-दिव्याखाली. इथे २८२ ला शोषण कमी होण्याऐवजी वाढत गेले. वाढण्याचे कारण टॅकिस्टेरॉल. प्रीव्हिटॅमिनचा मधला सिस दुहेरी बंध ट्रान्स झाला की २८१ ला जवळपास २५ हजार शोषणांकाचे हे ट्राईन मिळते. प्रीव्हिटॅमिन प्रकाशाखाली काय करते याचे आकडे बोलके आहेत: टॅकिस्टेरॉलकडे जाण्याचा क्वांटम यील्ड सुमारे ०.४८, ल्युमिस्टेरॉल म्हणून बंद होण्याचा सुमारे ०.०६, आणि एर्गोस्टेरॉलकडे परतण्याचा फक्त ०.०१ च्या घरात. नियम सांगतो बंद व्हायचे असेल तर कसे फिरायचे. बंदच व्हायचे की दुसरे काही करायचे, हे नियम सांगत नाही.

२५४ ला टॅकिस्टेरॉल साचते, कारण त्या तरंगलांबीला परत फिरण्याचा वेग कमी पडतो. मालिका २९५ वरच ठेवायची. २८२ ला शोषण चढू लागले तर टॅकिस्टेरॉल होते आहे, आणि तिथे थांबायचे.

२९ जुलै

ल्युमिस्टेरॉल हवे आहे, पण ०.०६ यील्डने. आधीच्या हिशेबात हा आकडा घातला तर, सगळा प्रकाश प्रीव्हिटॅमिनलाच मिळाला असे धरूनही, मिनिटाला ०.१८ मायक्रोमोल. प्रत्यक्षात प्रकाश टॅकिस्टेरॉल आणि एर्गोस्टेरॉलमध्येही वाटला जातो, त्यामुळे बराच कमी. त्याच नळीवर दीड तास प्रकाश लावला, दर पंधरा मिनिटांनी नमुना.

ल्युमिस्टेरॉलचे शिखर हळूहळू आणि सतत वाढते. पूर्ण वर्णपट बघून मात्र ते ओळखता येत नाही; वलय बंद झाले की डाईनचा वर्णपट परत येतो आणि तो एर्गोस्टेरॉलसारखाच दिसतो. म्हणून नुसत्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर "दाते परत आले म्हणजे एर्गोस्टेरॉल परत आले" असे वाचणे धोक्याचे. एचपीएलसीवर दोघांचे धारण-काळ वेगळे आहेत आणि विकत मिळणारे मानक सोबत चालवता येते.

तासाभरानंतर एकूण शिखर-क्षेत्रफळ घटू लागते आणि सुरुवातीच्या भागात बारीकसारीक शिखरांची गर्दी होते. हे अतिप्रकाशाने होणारे टॉक्सिस्टेरॉल. ल्युमिस्टेरॉल गोळा करायचे असेल तर एकच लांब प्रयोग करण्यापेक्षा चाळीस मिनिटांचे तुकडे करून, प्रत्येक वेळी वेगळे काढून, उरलेले पुन्हा लावणे बरे.

एक इशारा क्षेत्रफळांबद्दल. डिटेक्टर २८० वर ठेवला तर टॅकिस्टेरॉल फुगलेले दिसते आणि प्रीव्हिटॅमिन दबलेले. टक्केवारी देताना प्रत्येक पदार्थाचा त्या तरंगलांबीचा शोषणांक धरून दुरुस्ती केली नाही तर आकडे निरर्थक होतात.

६ ऑगस्ट

उष्णतेची बाजू. प्रीव्हिटॅमिनपासून सुरू करण्याऐवजी विकतचे व्हिटॅमिन डी-२ घेतले. तापवले की ते प्रीव्हिटॅमिनशी समतोलात येते, त्यामुळे प्रकाश-प्रयोगातले प्रीव्हिटॅमिन साठवण्याचा त्रास वाचतो.

८० अंशांवर काही तास: फक्त व्हिटॅमिन आणि प्रीव्हिटॅमिन यांचा समतोल, व्हिटॅमिनचा वाटा बराच मोठा. पायरोचा पत्ता नाही. १,७ स्थलांतराचा अडथळा कमी उंच आहे, वलय बंद होण्याचा जास्त. साध्या सिस-हेक्साट्राईनसाठी सक्रियण ऊर्जा सुमारे ३० किलोकॅलरी प्रति मोल आहे. त्या आकड्याने अर्धायुष्य काढले तर १३० अंशांना साधारण चार तास येते, २५ अंशांना दोनशे वर्षांहून जास्त. इथे दोन्ही टोकांना आत वळलेले गट आहेत, आणि मिथिल गट पोकळीत दाटी करतो. शिवाय समतोलात प्रीव्हिटॅमिन थोडेच असते. म्हणून त्याहून चढ्या तापमानाला जावे लागते.

१९० अंश, चार तास. १० मिलिग्रॅम व्हिटॅमिन डी-२, १ मिलिलिटर डेकॅलिन, जाड भिंतीची काचेची ऍम्प्युल. गोठवणे, हवा ओढणे, वितळवणे असे तीन फेरे, मग निर्वातात ज्योतीने बंद. सिलिकोन तेलाचा बाथ, पुढे सुरक्षा-पडदा. सोबत त्याच बाथमध्ये एर्गोस्टेरॉलची वेगळी ऍम्प्युल, नियंत्रण म्हणून.

९ ऑगस्ट

ऍम्प्युल उघडल्या. नियंत्रणातले एर्गोस्टेरॉल जवळपास तसेच. हे बरोबर आहे: उष्णतेने उघडायचे तर डिसरोटेटरी फिरावे लागेल, पण अँटी रचनेत तसे फिरले की एका वलयात ट्रान्स दुहेरी बंध येतो, आणि सहा कार्बनांच्या वलयात तो मावत नाही. तापमान पुरेसे असूनही वाट बंद.

व्हिटॅमिन डी-२ च्या एका ऍम्प्युलमध्ये अपेक्षित शिखरांऐवजी २८८ नॅनोमीटरला तीन दात्यांचे जोरदार शोषण आले. हा आयसोटॅकिस्टेरॉल, आम्लाची खूण. काचेच्या पृष्ठभागावर किंवा विद्रावकात आम्लाचा अंश असेल तर ट्राईनचे दुहेरी बंध सरकतात आणि इलेक्ट्रोसायक्लिक वाट सुरू होण्याआधीच रेणू दुसरीकडे निघून जातो. क्लोरोफॉर्मने धुतलेल्या काचेत हे हमखास होते, कारण जुन्या क्लोरोफॉर्ममध्ये हायड्रोजन क्लोराईड असते. उपाय: ऍम्प्युल पातळ अमोनियाने खळबळून, पाण्याने धुऊन, भट्टीत वाळवायची. डेकॅलिन वापरण्याआधी क्षारीय अ‍ॅल्युमिनावरून गाळायचे. तसे केल्यावर पुढच्या ऍम्प्युलमध्ये २८८ चे शोषण दिसले नाही.

एक वेगळी बिघाडाची खूण लक्षात ठेवण्यासारखी: २७० ते २९० मधले शोषण नाहीसे झाले आणि दुसरीकडे काहीच वर आले नाही, तर ऑक्सिजन आत शिरला. एर्गोस्टेरॉलच्या डाईनवर ऑक्सिजन चढून ५,८-पेरॉक्साईड होते, आणि संयुग्मनच मोडते.

२० ऑगस्ट

स्वच्छ ऍम्प्युलमधून दोन नवी शिखरे, दोघांचा वर्णपट वलयातल्या डाईनचा, दोघांचे धारण-काळ एर्गोस्टेरॉल आणि ल्युमिस्टेरॉल यांच्यापासून वेगळे. त्या दोन जागी, म्हणजे एर्गोस्टेरॉल आणि ल्युमिस्टेरॉलच्या धारण-काळाला, मोजण्याजोगे काही नाही. उष्णतेने अँटी रचना तयार झाली नाही.

पण वेगळे आहेत म्हणजे सिन आहेत असे नाही, ते दाखवावे लागते. दोन्ही अंश गोळा करून ड्यूटेरोबेंझीनमध्ये नोएसी घेतला. नेहमीचा ड्यूटेरोक्लोरोफॉर्म आम्लाच्या भीतीने टाळला. नवव्या हायड्रोजन आणि एकोणिसाव्या मिथिल यांच्यात दोन्ही अंशांत स्पष्ट छेद-शिखर मिळाले. एर्गोस्टेरॉलच्या नोएसीत त्याच जागी जवळपास काही नाही. एकमेकांशेजारच्या कार्बनांवर एकाच बाजूला असलेले गट जवळ असतात, विरुद्ध बाजूंचे लांब, म्हणून ही खूण सिनची. अल्फा कोणता आणि बीटा कोणता हे यावरून ठरत नाही; त्यासाठी मानकाशी पडताळणी लागते, आणि ती वेगळी चालू आहे.

२७ ऑगस्ट

प्रकल्पातली सर्वांत आवडती चाचणी: उष्णतेने बंद झालेले वलय प्रकाशाने उघडते का?

दोन्ही सिन अंश ०.०५ मिलिमोलर इथेनॉलमध्ये, क्वार्ट्झ क्युव्हेट, तोच २९५ चा एलईडी. तिसऱ्या क्युव्हेटमध्ये एर्गोस्टेरॉल. एर्गोस्टेरॉलचे दाते बोथट झाले आणि २६० कडचा पसरट भाग उरला. सिन अंशांत दाते खाली येत गेले आणि त्यांच्या जागी काहीच वर आले नाही.

प्रीव्हिटॅमिन कुठे दडलेले नाही ना, हे आयोडिनने तपासले. आयोडिनचा अगदी पुसट अंश टाकून क्युव्हेट दिव्याच्या साध्या प्रकाशात ठेवला की प्रीव्हिटॅमिन टॅकिस्टेरॉलमध्ये बदलते आणि २८१ ला शोषण झपाट्याने चढते. एर्गोस्टेरॉलच्या क्युव्हेटमध्ये चढले, सिन क्युव्हेटांमध्ये नाही. म्हणजे वलय उघडलेलेच नाही.

कारण पुन्हा फिरण्याच्या दिशेतच. सहा इलेक्ट्रॉनांनी प्रकाशात उघडायचे तर कॉनरोटेटरी हवे. सिन रचनेत कॉनरोटेटरी फिरले की हायड्रोजन आणि मिथिल यांपैकी एक आत जातो आणि दुसरा बाहेर. बाहेर गेलेल्याच्या टोकाला वलयाचा कार्बन आत ढकलला जातो, म्हणजे ए किंवा सी वलयात ट्रान्स दुहेरी बंध. ते शक्य नाही. मग हा डाईन चार इलेक्ट्रॉनांची वाट धरतो: पाचव्या आणि आठव्या कार्बनांमध्ये बंध होऊन सायक्लोब्युटीन बनते. चार इलेक्ट्रॉन, प्रकाश, म्हणून डिसरोटेटरी, आणि त्यासाठी वलयाला कुठेही ताण पडत नाही. मिळणाऱ्या फोटोपायरोकॅल्सिफेरॉल आणि फोटोआयसोपायरोकॅल्सिफेरॉलमध्ये संयुग्मित डाईनच उरत नाही, म्हणून वर्णपट नुसता रिकामा होतो. डॉबेन आणि फॉन्केन यांनी हे पदार्थ १९५९ मध्ये वर्णन केले होते, नियम मांडला जाण्याच्या सहा वर्षे आधी.

शोषण शून्यावर जाणे हा ऑक्सिजन-बिघाडासारखाच दिसणारा परिणाम आहे, त्यामुळे इथे जास्त काळजी. दोन्ही नमुन्यांना नायट्रोजन दिला होता, आणि अंधारात ठेवलेल्या जोड-क्युव्हेटमध्ये डाईनचे दाते जसेच्या तसे होते. पण प्रकाश आणि ऑक्सिजन दोन्ही हजर असतानाच पेरॉक्साईड होते, म्हणून अंधाराची तुलना पुरेशी नाही. वस्तुमान वर्णपट घेतला: उत्पादनाचा रेणुभार ३९६ च आहे, ३२ ने वाढलेला नाही.

३ सप्टेंबर

सायक्लोब्युटीनचे प्रोटॉन एनएमआर मागवले आहे. डाईनच्या सहाव्या आणि सातव्या हायड्रोजनांच्या जागी सायक्लोब्युटीनच्या दुहेरी बंधावरचे दोन हायड्रोजन ६ पीपीएमच्या पुढे वेगळ्या जोडीत यायला हवेत. नमुना २ मिलिग्रॅम, ड्यूटेरोबेंझीन, तापमान खोलीचेच.